बेचक्यातली फूट

टोमॅटोच्या झाडाचं कौतुक करायचं म्हटलं की लोक फळांकडे बघतात. लाल घोस लटकलेले दिसले की झाड चांगलं, नाही दिसले की वाईट. खरं वाचन घोसावर सुरू होत नाही. ते पानाच्या बेचक्यात सुरू होतं, जिथे देठ खोडाला मिळतो त्या कोपऱ्यात. तिथे कोणती फूट राखली, कोणती काढली, कधी काढली आणि किती काढली, एवढं कळलं की झाड सांभाळणाऱ्याचा हात कळतो. फळं ही त्या निर्णयांची नंतर आलेली पावती.

ज्या झाडाविषयी मी लिहितो आहे ते टेंभुर्णीचं. सोलापूर-पुणे रस्त्यावरची प्रसिद्ध टेंभुर्णी नव्हे. जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद तालुक्यातली. तिथे आमच्या काकूंच्या गच्चीवर, रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या बादलीत हे झाड उभं होतं. वाण उंच वाढणारं, फळ ऐंशी ते शंभर ग्रॅमचं. सप्टेंबरच्या मध्यावर बी टाकलेलं, ऑक्टोबरच्या मध्यावर रोप बादलीत लावलेलं. मी ते जानेवारीत पाहिलं, तेव्हा खालच्या घोसात रंग भरत होता आणि वरच्या टोकाला फुलं होती. टोमॅटोचं झाड पाहावं तर याच वयात, कारण केलेलं आणि करायचं राहिलेलं दोन्ही एकाच वेळी समोर असतं.

जालन्याकडे या कामाची जाण घरोघरी का सापडते याला कारण आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात महिको उभी केली आणि पुढे हा सगळा भाग बियाण्यांचा झाला. जालना, जाफराबाद, देऊळगाव राजा या पट्ट्यात शेडनेटखाली मिरची, टोमॅटो, काकडीचे सीड प्लॉट होतात. टोमॅटोच्या प्लॉटवर बायका संध्याकाळी उद्याच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढतात, सकाळी त्या फुलाला दुसऱ्या वाणाचा पराग लावतात आणि खूण म्हणून फुलाच्या हिरव्या पाकळ्यांपैकी दोन कापून ठेवतात. फळ पिकल्यावर दोन पाकळ्या तुटलेल्या दिसल्या तर ते क्रॉसिंगचं. नाही तर आपोआप धरलेलं, ते बियाण्याला नको. इतक्या बारीक नजरेने एक हंगाम काढलेली बाई गच्चीवरच्या बादलीसमोर उभी राहते तेव्हा ती पानांच्या गर्दीत हरवत नाही. आमच्या काकू त्यांपैकीच.

आता झाडाची लय बघा. रोपाला पहिली सात ते अकरा पानं येतात, मग पहिला फुलोरा. त्यानंतर तीन पानं, एक घोस. पुन्हा तीन पानं, एक घोस. उंच वाढणाऱ्या वाणात ही चाल थांबत नाही. काकूंच्या झाडावर ती बोटाने मोजता येत होती, आणि मोजता येत होती याचंच मला अप्रूप वाटलं. न खुडलेल्या झाडात हीच लय असते, पण प्रत्येक बेचक्यातून आलेल्या फांद्या तीच चाल आपापल्या सुरात म्हणत असतात. दोन महिन्यांत तो सगळा गलका होतो.

या लयीत एक गुपित आहे. ते माहीत झाल्यापासून मला टोमॅटोचं झाड वेगळंच दिसायला लागलं. आपण ज्याला सरळ वर गेलेलं मुख्य खोड समजतो ते मुळात एक खोड नाहीच. बीपासून निघालेला शेंडा पहिल्या फुलोऱ्यात संपतो. तिथे त्याचं आयुष्य पुरं झालं. मग त्या फुलोऱ्याच्या लगत असलेल्या पानाच्या बेचक्यातली फूट जोर करते, फुलोऱ्याला बाजूला ढकलते आणि आपणच वर जाते. तीन पानं झाली की तिचाही शेंडा फुलोऱ्यात संपतो आणि पुढची बेचक्यातली फूट वारसा घेते. म्हणजे पहिल्या घोसाच्या वरचं सगळं ‘मुख्य खोड’ ही एकावर एक चढलेल्या बगलफुटींची साखळी आहे. जोड इतका सफाईदार असतो की खोड अखंड वाटतं आणि घोस खोडाच्या बाजूने, दोन पानांच्या मधूनच फुटल्यासारखा दिसतो.

याचा अर्थ बगलफूट ही झाडाची चूक किंवा उनाडपणा नाही. झाड त्याच रीतीने वाढतं. खुडणारा माणूस फक्त इतकंच ठरवतो की अनेक वारसदारांपैकी गादीवर कोण बसणार. ‘चोरफुटी काढून टाका’ असा सरसकट सल्ला देणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात घेतली तर त्यांचा हात जरा हलका होईल.

खुडायला बसण्याआधी ओळखायच्या तीन गोष्टी. पान खोडातून निघतं. फूट पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघते, म्हणजे तिच्या खाली नेहमी एक पान असतं. घोसाचा दांडा मात्र थेट खोडातून येतो. त्याच्या खाली बेचकं नसतं. नवखा माणूस कोवळा घोस फूट समजून मोडतो तो हे न पाहिल्यामुळे. शेंड्याजवळ तर गोंधळ हमखास होतो. घोसाच्या लगेच खालच्या बेचक्यातली फूट अंगाने इतकी दणकट असते की ती आणि शेंडा सारखेच दिसतात आणि तिथे दोन टोकांची दुहेरी वाट तयार होते. काकूंचा नियम साधा आहे: वरच्या वीतभर भागाला हात लावायचा नाही. चार-सहा दिवसांत कोण पुढे चाललंय ते आपोआप दिसतं. आणि चुकून शेंडाच मोडला तर? रडायचं कारण नाही. खालची फूट राखायची, तीच शेंडा होते. साखळीचं गुपित इथे कामाला येतं.

थंडीत आणखी एक गंमत दिसते. घोसाचा दांडा फुलांवर थांबत नाही. टोकाला पानं काढून पुढे फांदीसारखा वाढू लागतो. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्री आणि खताचा थोडा जास्त हात, अशा वेळी हे विशेष होतं. काकूंच्या झाडावर दुसऱ्या घोसाला अशी शेपटी आली होती आणि ती शेवटच्या फळापलीकडे नखाने छाटलेली होती. मला त्या झाडावरचा हा सगळ्यात देखणा निर्णय वाटला, कारण दुसऱ्या कुणाला ते पान म्हणूनच दिसलं असतं.

मग राखलं काय? या झाडावर दोन खोडं होती. एक मूळचं, दुसरं पहिल्या घोसाच्या लगेच खालच्या बेचक्यातलं. जागा मुद्दाम निवडलेली आहे. झाडावरच्या सगळ्या फुटींत हीच सर्वांत जोमदार. तिला मूळ खोडाइतकं व्हायला फारसा वेळ लागत नाही. तिच्या खालच्या सगळ्या फुटी, अगदी जमिनीलगतच्याही, काढलेल्या. वरच्या दोन्ही खोडांवरच्या फुटीही काढलेल्या, पण सारख्या रीतीने नाही, त्याकडे येतोच.

एकच खोड ठेवलं असतं तर फळ थोडं लवकर आणि थोडं मोठं आलं असतं, पण एकूण वजन कमी भरलं असतं. तीन-चार ठेवली असती तर फळांची संख्या वाढली असती आणि ती बारकी राहिली असती, कारण वीस लिटरच्या बादलीत मुळांना जागा ठरलेली आहे. जमिनीतलं झाड पाण्यासाठी खाली आणि बाजूला जातं. बादलीतलं झाड बादलीच्या भिंतीला अडतं. दुपारी जितकं पान तितकं पाणी उडतं, आणि ते पाणी एवढ्याशा मातीतून यायचं. दोन खोडं हा वीस लिटरला झेपणारा हिशेब आहे. दहा लिटरच्या कुंडीत मी एकाच खोडावर थांबेन.

खुडण्याची क्रिया पाहण्यासारखी असते. फूट बोटाच्या दोन पेरांएवढी, म्हणजे तीन ते पाच सेंटिमीटरची असताना अंगठा आणि तर्जनीत धरायची आणि बाजूला वाकवायची. कट् असा बारीक आवाज येतो आणि ती सांध्यावर स्वच्छ तुटते. खाली ओढायची नाही. खाली ओढली की खोडाची साल सोबत येते आणि ती लांबट जखम भरायला वेळ लागतो. वेळ सकाळची, दव सुकल्यानंतरची. तेव्हा झाड पाण्याने तट्ट असतं म्हणून फूट मोडते, पिळवटत नाही. आणि पुढे दिवसभर ऊन असल्याने जखम संध्याकाळपर्यंत कोरडी होते. पाणी दिल्या दिल्या, पानं ओली असताना या कामाला बसू नये.

काकू म्हणाल्या, ‘‘बोटाएवढी असंल तवर बोट चालतंय. पेन्सिलीएवढी झाली की मग ब्लेड लागतं.’’ पेन्सिलीएवढी झालेली फूट हाताने मोडली तर बेचक्यात खड्डा पडतो. ती स्वच्छ पात्याने कापावी, आणि अगदी खोडाला घासून न कापता बारीकसं बुडखं ठेवावं. तिथे कूज लागली तरी खोडापर्यंत यायला अंतर मिळतं.

दहा-बारा फुटी खुडल्यावर बोटं बघावीत. हिरवट-काळा चिकट थर बसलेला असतो आणि तो उग्र, थोडा औषधी वास, जो पिकलेल्या फळाला नसतो. हात धुताना साबणाचा फेस पिवळा होतो. पानांवरच्या सूक्ष्म केसांच्या टोकांवरचा हा रस किडींसाठी आहे, आपल्यासाठी नाही, पण टोमॅटोच्या कामाची सगळी चव मला त्या वासात वाटते.

हातांचा विषय निघालाच आहे तर एक सांगायलाच हवं. आपल्याकडे तळहातावर तंबाखू मळून तोच हात झाडाला लावणारे पुष्कळ. तंबाखूचा केवडा विषाणू वाळल्या पानातही टिकतो आणि खुडताना झालेल्या ओल्या जखमेतून टोमॅटोत शिरतो. पानांवर फिकट-गडद हिरव्या चट्ट्यांची नक्षी उठते. त्याला औषध नाही. आधी साबणाने हात धुवावेत, मग झाडाला हात लावावा. एक झाड संशयास्पद दिसत असेल तर त्याचा नंबर सगळ्यात शेवटी लावावा.

आता ती वेगळी रीत. पुस्तकी चित्रातलं खुडलेलं टोमॅटो सडपातळ असतं: खोड, पान, घोस, आणि मध्ये मोकळी हवा. ही चित्रं बहुतेक थंड प्रदेशातल्या काचघरांची. तिथे ऊन मिळवायचं असतं. मराठवाड्यात फेब्रुवारीपासून ऊन अडवायचं असतं. उघड्यावर पडलेल्या हिरव्या फळाच्या दक्षिण-पश्चिमेच्या खांद्यावर आधी फिकट पिवळा डाग येतो, मग तो पांढरट होतो, कातडी कागदासारखी बसते आणि त्यावर काळी बुरशी चढते. रोग नव्हे, भाजणं. आणि त्याचं मूळ बहुतेक वेळा खुडणाऱ्याच्या उत्साहात असतं.

काकूंनी पहिल्या घोसाखालच्या फुटी मुळापासून काढल्या होत्या, पण वरच्या भागात, विशेषतः पश्चिमेच्या अंगाला, फूट पूर्ण काढलीच नव्हती. ती एक-दोन पानं फुटेपर्यंत वाढू दिली आणि मग फक्त तिचं टोक चिमटलं. फांदी पुढे वाढत नाही, घोस धरत नाही, पण तिची दोन पानं खालच्या फळांवर सावली धरतात. बाहेरच्या जगात या पद्धतीला मिसुरी राज्याच्या नावाने ओळखतात. तोटा एवढाच की चिमटलेल्या फुटीच्या बेचक्यातून पुन्हा फूट येते, म्हणून आठवड्याला एकदा फेरी मारावी लागते. आळशी माणसाने सरळ काढून टाकावं हे बरं. पण ज्याची गच्ची पश्चिमेला उघडी आहे त्याने ही मेहनत घ्यावी. एकाच झाडावर दोन रीती वापरलेल्या पाहून मला जे वाटलं ते एखाद्या गवयाने एकाच रागात खालच्या आणि वरच्या सप्तकाला वेगळी वागणूक दिल्यावर वाटतं.

खालची पानंही काढलेली होती, पण एकदम नाही. पहिला घोस टच्च भरल्यावर त्याच्या खालची, मातीला टेकणारी पानं एका वेळी दोन किंवा तीन. पाणी घालताना मातीचे शिंतोडे याच पानांवर उडतात आणि करप्याचे गोल गोल वळ्यांचे डाग इथूनच वर चढतात.

शेजारच्या बादलीत अर्का रक्षक होतं, बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं संकरित वाण. तिथे काकूंचा हात जवळजवळ स्वस्थ. पहिल्या घोसाखालच्या फुटी काढलेल्या, त्यातही घोसाच्या लगेच खालची राखलेली. वरचं सगळं तसंच. बरोबरच आहे. हे वाण मध्यम वाढीचं. त्याची चाल उंच वाणासारखी बेमुदत चालत नाही. बुटक्या वाणांत तर ती आणखी लवकर संपते. १९१४ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये एक झाड आपोआप असं निपजलं की त्यात दोन घोसांमधली पानं कमी कमी होत जाऊन वाढ थांबते. शेतात ज्यांना बुटकी, एकदम फळणारी वाणं म्हणतात त्यांत हाच गुण उतरलेला आहे. अशा झाडाला शेंड्याला वारस नसतो. बाजूच्या फांद्या हेच त्याचं उत्पन्न. उंच वाणाची खुडणी ऐकून ज्यांनी बुटक्या वाणाच्या सगळ्या फुटी काढल्या, त्यांनी पीकच काढून टाकलं. म्हणून बियाण्याच्या पाकिटावर वाढ कशी हे आधी वाचावं, मग अंगठा उचलावा.

खुडणी ही अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी आधाराची, आणि कुंडीतल्या झाडाच्या बाबतीत तीच जास्त फसते.

शेतात बांबू रोवला की माती त्याला धरते. बादलीत खोली मिळते जेमतेम फूटभर, आणि कोकोपीट-शेणखताचं हलकं मिश्रण असेल तर काठी त्यात नुसती उभी असते, रोवलेली नसते. निव्वळ काळी माती भरली तर ओली असताना ती काठी घट्ट धरते, पण सुकली की आक्रसते, काठीभोवती फट पडते आणि काठी डुलू लागते. डुलणारी काठी नसलेल्या काठीपेक्षा वाईट, कारण ती झाडाला बांधलेली असते आणि मुळं हलवते.

भाराचा हिशेब या झाडावरच करू. एका घोसात पाच फळं ठेवली, प्रत्येक सरासरी नव्वद ग्रॅम. घोस साडेचारशे ग्रॅमचा. एका खोडावर एका वेळी तीन घोस भरात असतात, दोन खोडांवर सहा. म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास नुसती फळं, आणि ती हातभर उंचीवर. आता बादली. ओली असताना सगळं मिळून वीस किलो धरा. बुडाची रुंदी साधारण सव्वीस सेंटिमीटर, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत तेरा. वीसला तेराने गुणलं की दोनशे साठ. मीटरभर उंचीवर, म्हणजे शंभर सेंटिमीटरवर, वाऱ्याने अडीच किलोहून थोडा जास्त धक्का दिला की बादली कलंडते. उन्हात पाणी उडून बादली तेरा किलोवर आली असेल तर पावणेदोन किलोचा धक्का पुरतो. फळांचा भार एका अंगाला असेल तर त्याहूनही कमी. पानांनी भरलेल्या झाडावर दुपारच्या वावटळीचा एवढा जोर सहज बसतो. दुपारी चारला आडवी पडलेली कुंडी पाहून आपण वाऱ्याला दोष देतो. खरं तर त्या वेळी बादली हलकी झालेली असते.

काकूंचं उत्तर तीन टप्प्यांचं होतं. काठी रोप लावतानाच, खोडापासून चार बोटं लांब, बादलीच्या तळापर्यंत नेलेली. नंतर खुपसली असती तर मुळं तुटली असती. दुसरं, तीच काठी बादलीच्या काठाला, कडी अडकवायच्या कानाशी सुतळीने बांधलेली. एवढ्याने काठीला दोन ठिकाणी पकड मिळते, तळाशी आणि काठावर, आणि माती सुकली तरी ती डुलत नाही. पण काठी बादलीला घट्ट असली तरी बादली कलंडायची राहतेच. म्हणून वरच्या टोकापासून एक ताण गच्चीच्या कठड्याच्या गजाला. कठडा नसेल तर तीन बांबू बादलीच्या बाहेर, फरशीवर पाय फाकून उभे करावेत आणि वर एकत्र बांधावेत. मग बुडाची रुंदी सव्वीस सेंटिमीटर राहत नाही, बांबूच्या पायांमधलं अंतर ती होते. हा हिशेब कागदावर न मांडताही गावातल्या माणसाला कळतो, कारण मांडवाच्या मेढी तो असाच उभ्या करतो.

काठी कसली? या भागात कपाशी आणि तूर दोन्ही होतात, त्यामुळे पऱ्हाट्या आणि तुराट्या फुकट. पऱ्हाटी मला या कामाला आवडत नाही: वाकडी, फांद्यांची, आणि तिच्यावर राहून गेलेल्या कवड्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असू शकते, ती घराशी आणू नये. तुराटी सरळ आणि हलकी. अर्का रक्षकला काकूंनी तुराट्याच लावल्या होत्या आणि त्या पुरेशा होत्या. मात्र ओल्या मातीतला भाग तीन-चार महिन्यांत मऊ पडतो आणि ऐन फळात बुडाशी मोडतो. उंच वाणाला बांबूच हवा, अंगठ्याएवढा जाड, मातीच्या वर दीड मीटर.

बांधणीत हात कळतो. जुन्या सुती लुगड्याच्या दोन बोटं रुंद पट्ट्या. आधी काठीला दोन वेढे आणि गाठ, इतकी घट्ट की पट्टी खाली घसरू नये. मग पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून खोडाभोवती सैल कडं. खोड आणि कड्याच्या मध्ये करंगळी फिरली पाहिजे, कारण आज पेन्सिलीएवढं असलेलं खोड पुढे अंगठ्याएवढं होणार आहे. आठच्या मधला पिळा काठी आणि खोड यांच्यामध्ये येतो, म्हणून वाऱ्यात खोड काठीवर घासत नाही. आणि जागा: कडं नेहमी पानाच्या देठाखाली, म्हणजे खोड भाराने खाली बसू लागलं की देठ कड्यावर टेकतो. घोसाच्या दांड्याखाली कधी नाही. तिथे बांधलं तर सगळ्या खोडाचा भार घोसावर येतो. नायलॉनची दोरी सीड प्लॉटवर चालते, कारण तिथे झाड वरच्या तारेला सोडलेल्या दोरीभोवती गुंडाळत नेतात, बांधत नाहीत. गच्चीवर तीच दोरी गाठ मारून वापरली की खोडात रुतते.

खोड सावरलं तरी घोस उरतोच. पाच फळांचा घोस भरत आला की त्याचा दांडा खोडाजवळ वाकतो आणि तिथे घडी पडते. घडी पडली म्हणजे घोस गेला असं नाही. आतल्या नळ्या पुष्कळदा चालू राहतात आणि फळं पिकतात, फक्त बारीक राहतात. पण साल फाटली तर संपलं. काकूंनी दोन खालच्या घोसांना वेगळी झोळी दिली होती: पट्टीचं एक टोक काठीला, घोसाच्या दांड्याखालून, पहिल्या फळाच्या आधी, आणि परत काठीला. फळाला पट्टी लागत नाही, फक्त दांडा टेकतो. हे घडी पडण्याआधी, फळ लिंबाएवढं असतानाच करायचं. नंतर उचलायला गेलं की कडक झालेला दांडा हातात येतो. घोसात सात-आठ फळं धरली असतील तर टोकाची दोन-तीन बारकी काढून टाकावीत. दांड्याचा भार हलका होतो आणि उरलेली एकसारखी भरतात.

या झाडात दोष होते आणि तेही वाचण्याजोगे होते. खालची पानं वरच्या बाजूला गुंडाळलेली, जाडसर, चामड्यासारखी. गच्चीवर आलेल्या कुणीतरी ‘व्हायरस आला, उपटा’ असं सांगून ठेवलं होतं. तो विषाणू नव्हता. पर्णगुच्छ पांढरी माशी आणते आणि तो वरून, शेंड्यापासून दिसू लागतो: नवी पानं बारकी, कडा पिवळ्या, वाढ खुंटलेली. इथे शेंडा टवटवीत होता. गुंडाळी खालच्या जुन्या पानांवर होती. एकाच दिवशी जास्त फुटी आणि पानं काढली, त्यात ऊन आणि पाण्याचा ताण, की खालची पानं अशी वळतात. नुकसान फारसं नाही, पण ती खुडणाऱ्याला दिलेली सूचना असते.

दुसरा दोष पहिल्या घोसातल्या दोन फळांचा. बूड काळं, आत बसलेलं, चामडी. कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत न पोचल्याने हे होतं, आणि बादलीत त्याचं कारण बहुधा मातीत कॅल्शियम नसणं हे नसून पाणी कधी भरपूर कधी नाही हे असतं. खुडलेल्या, काठीला बांधलेल्या झाडांत हा विकार आणि फळ तडकणं, दोन्ही जमिनीवर पसरलेल्या झाडांपेक्षा जास्त दिसतात. म्हणजे खुडणी आणि बांधणी फुकट नाही. स्वच्छ, मोठं, लवकर येणारं फळ घ्यायचं तर पाण्याचा नेम तुमच्याकडून घेतला जाणार. काकूंनी पुढे सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं पाणी आणि मातीवर सोयाबीनच्या भुशाचा थर असं सुरू केलं. वरच्या घोसांत एकही काळं बूड नव्हतं.

राहता राहिला शेंडा. जालन्याकडे मार्चच्या मध्यानंतर दिवसाचं तापमान पस्तीसच्या वर जातं आणि रात्रीही पुरेशा गार राहत नाहीत. पराग मरतो, फुलं देठाच्या सांध्यावर गळतात. फुलापासून पिकलेल्या फळापर्यंत दीड ते दोन महिने लागतात. हा हिशेब उलटा धरला की फेब्रुवारीच्या मध्यावर दोन्ही खोडांचे शेंडे खुडायला हवेत: शेवटचा फळ धरलेला घोस पाहायचा, त्याच्या वर दोन पानं ठेवायची आणि तिथे थांबवायचं. ती दोन पानं काढू नयेत; शेवटच्या घोसाला अन्न आणि सावली तीच देतात. आणि एप्रिलमध्ये त्या घोसातलं फळ झाडावर लाल होण्याची वाट पाहू नका. तिशीच्या वर लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट-केशरीच राहतं. बुडाला तांबूस छटा आली की तोडा आणि घरात, सावलीत, एका थरात ठेवा. आठवड्यात पूर्ण लाल होतं.